गळक्या घराची शिस्त

कोकणात पावसाळ्यात एकमेकांची खुशाली विचारण्याची वेगळी रीत आहे. सलाम-दुआ झाली की पुढचा प्रश्न येतो, "मग, यंदा कुठं गळतं?" गळतं का, असं कोणी विचारत नाही. कौलारू घर आहे म्हणजे गळणारच. फक्त खोली कोणती एवढंच विचारायचं असतं. कोणी सांगतं, "माजघरात." कोणी थोड्या अभिमानानं सांगतं, "आमचं यंदा फक्त पडवीत." आणि एखादा "आमच्याकडे एक थेंब नाही" म्हणाला, की बाकीचे माशाअल्लाह म्हणतात आणि मनात समजून जातात की हा माळ्यावर चढलेला नाही.

गळक्या घरालाही शिस्त असते. आमच्याकडे कोणत्या थेंबाखाली कोणतं भांडं, हे दादीजानच्या काळापासून ठरलेलं आहे. आढ्याजवळ गळलं तर वाटी, मधल्या भागात टोप, पडवीच्या बाजूला थेट बालदी. लहानपणी मला हा दादीजानचा लहरीपणा वाटायचा. पण त्यात चोख हिशोब आहे. पावसाचं पाणी पाख्यावरून खाली वाहतं. आढ्याजवळच्या कौलावर फक्त त्याच्या वाट्याचा पाऊस पडतो. खालच्या कौलावर मात्र वरच्या सगळ्या ओळींचं पाणी येतं. कौलांची एक उभी रांग 20 सेंटीमीटर रुंद आणि 4 मीटर लांब धरली, आणि तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका रांगेवरून 40 लिटर पाणी खाली उतरतं. म्हणजे दोन बालद्या. तळाचं कौल फुटलं की त्यातला मोठा वाटा घरात येतो. दादीजान शाळेत गेली नव्हती, पण तिची वाटी कधी उतू गेली नाही. भांड्याच्या तळाशी ती एक जुनं फडकं टाकायची. त्यानं पाणी उडत नाही आणि रात्रभर टप-टप वाजतही नाही.

गेल्या वर्षी आषाढात भाचीच्या रिश्त्यासाठी पाहुणे येणार होते. रविवार ठरला. पाऊस सहा दिवस संथ होता, शनिवारी रात्री पश्चिमेचा वारा सुटला आणि बरोबर बैठकीच्या तख्तावर धार लागली. जिथं मुलाचे अब्बा बसणार होते, तिथंच!

मेहुणे तडक शिडी घेऊन निघाले. त्यांचं म्हणणं, थेंब जिथं पडतो त्याच्या डोक्यावर कौल फुटलं असणार. अम्मीनं शिडीच धरून ठेवली. एक तर भर पावसात शेवाळलेल्या कौलांवर चढणं म्हणजे हाडांशी वैर. दुसरं म्हणजे पाणी कधी सरळ खाली येत नाही. ते कौलाखालून रिपेवर उतरतं, रिपेवरून वाशावर येतं, वाशाच्या पोटाला चिकटून उताराकडे सरकतं आणि जिथं खिळा किंवा गाठ आडवी येईल तिथं हात सोडतं. म्हणून भोक शोधायचं ते थेंबाच्या वर नाही, थेंबापासून आढ्याच्या दिशेनं.

सकाळी उजाडल्यावर मेहुण्यांना माळ्यावर पाठवलं. दिवे बंद ठेवायचे, डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि वर बघायचं. फटीतून उजेड दिसतो तिथं खूण करायची. ओला वासा हातानं चाचपत ते वर सरकले, तर तख्तापासून तीन हात वर उजेडाची एक चीर दिसली. कौल फुटलेलं नव्हतं, सरकलेलं होतं. मंगळुरी कौलाच्या पाठीला रिपेत अडकायला उंचवटे असतात. ते रिपेवरून सुटले की कौल बोटभर खाली घसरतं. हे काम वानरांचं. फणसाच्या फांदीवरून त्यांची वरात आमच्या घरावर उतरते. सरळ पाऊस असताना त्या फटीतून काही येत नव्हतं, वारा लागला तसं पाणी उलटं चढून आत आलं. सहा दिवस कोरडं असलेलं घर सातव्या दिवशी का गळलं, ते असं.

मेहुण्यांनी आतूनच कौल वर सरकवून रिपेवर बसवलं आणि त्याच्या सांध्याखाली पत्र्याचा तुकडा असा सारला की त्याचं वरचं टोक वरच्या कौलाखाली आणि खालचं टोक खालच्या कौलावर राहील. उलटा बसला असता तर पत्र्यावरून पाणी नेमकं घरात आलं असतं. तख्त वाचलं.

पाहुण्यांचे बूट मात्र वाचले नाहीत. गाडी वाडीच्या तोंडाशी अडली, पुढची पाखाडी म्हणजे ओढा झालेला. मुलाचे अब्बा नव्या काळ्या बुटांत आले आणि बूट नव्हे, दोन होड्या काढून ठेवाव्या तसे पडवीत ठेवले. कोणीतरी ते चुलीपुढे न्यायला निघालं. अम्मीनं तिथंही अडवलं. विस्तवाजवळ चामडं कडक होऊन चिरतं आणि तळ्याचा चिकट सुटतो. तिनं आतलं पाणी निथळवलं, जुनी वर्तमानपत्रं चुरगळून बुटांत कोंबली आणि बूट आडवे ठेवले. अर्ध्या तासानं कागद बदलले, जेवणानंतर पुन्हा बदलले. असरनंतर पाहुणे निघाले तेव्हा बूट ओलसर होते, पण पायात शिरत होते. रिश्ता इन्शाअल्लाह पुढे सरकेल, असा निरोप आठ दिवसांनी आला.

आता मोठे चाचा म्हणतात, ही कौलं उतरवा, स्लॅब टाका, माझ्यासारखे निवांत झोपा. त्यांचा स्लॅब आम्ही पाहिला आहे. कौल प्रामाणिक असतं; पाऊस आला की गळतं, थांबला की थांबतं. स्लॅब मनात ठेवतो. पाणी बारीक चिरेतून आत शिरतं, आतल्या आत फिरतं आणि बाहेर ऊन पडल्यावर कपाटामागच्या भिंतीवर डाग बनून येतं. चाचांनी दोनदा डाग रंगवला, दोनदा तो रंगासकट पडला. चीर गच्चीवर असताना खोलीला रंग देऊन काय होणार?

खरी काळजी वेगळीच आहे. शाकारणी मृगाआधी, म्हणजे 7 जूनच्या आत, उरकावी लागते. दर ओळीची कौलं उतरवायची, सांध्यातला पाला-माती झाडायची, कुजकी रीप बदलायची, पुन्हा बसवायची. आमच्या पंचक्रोशीत हे काम जाणणारे दोनच म्हातारे उरलेत आणि मे महिन्यात सगळ्यांना ते एकाच दिवशी हवे असतात. त्यातले एक दरवर्षी हेच बजावतात: प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा, एकाचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. शेजारी कोणी जुनं घर पाडत असेल तर आधी कौलाच्या पाठीवरचा छाप बघा, आणि आपल्याशी जुळला तर पन्नासेक कौलं मागून आणून परसात रचून ठेवा. आमच्या परसात सध्या बावीस आहेत. वानरं किती आहेत, ते अजून मोजलेलं नाही.