साडेपाचशेतले साठ

"माझं मेटाबॉलिझमच मेलंय रे बाप्पा. मी तं काहीच खात नाही, तरी काटा हलत नाही."

मागच्या मे महिन्यात राजूरला घरी होतो, तेव्हा ताई हे म्हणाली. चार महिने ती नेटाने वजन कमी करत होती आणि सात किलो उतरलेही होते. मग काटा अडकला. तिच्या ऑनलाइन कोचने निदान केलं, की फार दिवस कमी खाल्ल्यामुळे चयापचय 'डॅमेज' झालंय आणि आता ते 'रीसेट' करावं लागेल. रीसेटची पावडर अर्थात त्याच्याकडेच होती, तीन महिन्यांच्या पॅकेजमध्ये. घरातल्या दुसऱ्या गटाचं निदान याहून सोपं होतं: "चोरून खात असेल."

माझं भांडण या दोन्ही निदानांशी आहे. एक माणसाला बिघडलेलं यंत्र ठरवतं, दुसरं खोटारडं ठरवतं. दोघांनाही आकडेमोड करायची नाहीये. त्याच मे महिन्यात माझंही वजन अडकलं होतं आणि मी पाच महिन्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. म्हणून तो हिशोब इथे मांडतो.

आधी एक गोष्ट मान्य करू. वजन उतरलं की शरीराचा रोजचा खर्च कमी होतो, हे खरंच आहे. पण त्यात दोन वेगळे भाग आहेत आणि सगळा घोळ ते एकत्र केल्यामुळे होतो. पहिला भाग साधा आहे. शरीर लहान झालं, म्हणून खर्च कमी झाला. राजूरच्या माणसाला चुन्याची भट्टी समजवावी लागत नाही. भट्टी लहान बांधली तर कोळसा कमी लागतो. तिला कुणी बिघडलेली भट्टी म्हणत नाही. दुसरा भाग म्हणजे शरीराच्या नव्या आकारावरून जेवढा खर्च अपेक्षित आहे, त्याहूनही खाली गेलेला खर्च. शास्त्रज्ञ 'मेटाबॉलिक अ‍ॅडॅप्टेशन' म्हणतात ते या दुसऱ्या भागाला. वजन उतरताना लेप्टिनसारखी संप्रेरकं घटतात, थायरॉइडचं सक्रिय संप्रेरक थोडं खाली येतं आणि शरीर काटकसर करू लागतं.

प्रश्न एवढाच आहे, की ही काटकसर किती?

अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममध्ये झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांनी सरासरी बारा किलोच्या आसपास वजन कमी केलं. मग काही आठवडे वजन स्थिर ठेवून त्यांचा विश्रांतीतला खर्च मोजला गेला. २०२० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अपेक्षेपेक्षा घट होती सरासरी रोजच्या ५० कॅलरींच्या आसपास, म्हणजे जेमतेम अर्धी पोळी. व्यक्तीव्यक्तीत फरक मोठा होता, काहींची घट शंभराच्या पुढेही गेली. पण कुणाचं वजन पुढे किती परत चढलं, याचा या घटीशी संबंध दिसला नाही.

आता माझा हिशोब. जानेवारीत माझं वजन ९४ किलो, उंची १७२ सेंटिमीटर, वय २८. मिफ्लिनच्या सूत्राने विश्रांतीतला खर्च येतो १८८०. बैठं काम आणि रोजची नऊ हजार पावलं धरून त्याला १.४ ने गुणलं, की दिवसाचा खर्च साधारण २६३०. भारतीयांसाठी ही पाश्चात्त्य सूत्रं थोडा जास्त आकडा दाखवतात, पण आपल्याला फरक पाहायचा असल्याने तूर्त चालेल. मी रोज २०८० खायचं ठरवलं, म्हणजे तूट ५५०. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी, म्हणून आठवड्याला अर्धा किलो. मी एक्सेलमध्ये सरळ रेघ ओढली आणि जुलैच्या मध्यावर ८० किलो लिहून मोकळा झालो.

एप्रिलअखेर मी ८६ वर होतो. त्यातला साधारण एक किलो पहिल्या दोन आठवड्यांत गेलेलं पाणी होतं. मग मे महिन्यात चार आठवडे काटा तिथेच राहिला. ५५० ची तूट कुठे गेली?

पहिला तुकडा: ९४ ऐवजी ८६ किलोचं शरीर. तेच सूत्र, तोच गुणक, खर्च २५२० च्या आसपास. म्हणजे ११० गेले. हे मला जानेवारीतच कळायला हवं होतं, कारण ते सूत्रातच लिहिलेलं आहे.

दुसरा तुकडा: खरी काटकसर. ती मोजायला श्वासातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लागतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. म्हणून अभ्यासातल्या सरासरीवरून मी ६० धरले.

तिसरा तुकडा फोनमध्ये होता. मे महिन्यात आमच्याकडे सकाळी नऊनंतर घराबाहेर पडवत नाही. माझी पावलं नऊ हजारांवरून चार हजारांवर आली होती. पाच हजार पावलं म्हणजे सुमारे साडेतीन किलोमीटर. माझ्या वजनाला त्याचे साधारण १४० होतात. कमी खाणारा माणूस नकळतही कमी हलतो. बसल्या जागची चुळबुळ कमी होते, वरच्या मजल्यावर जायचं तो टाळतो. माझ्या बाबतीत ऊन आणि आळस यांनी मिळून ते काम केलं.

उरले २४०. त्यासाठी मी आठवडाभर स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरला. आईची एक पळी तेल मी अ‍ॅपमध्ये 'एक चमचा' म्हणून नोंदवत होतो. माझ्या वाट्याला येणारं नोंदीबाहेरचं तेल निघालं दिवसाला दहा ग्रॅम, म्हणजे ९०. रात्रीची वाटीभर आमरसाची नोंद मी 'फळ' म्हणून करत होतो. साखर धरून त्यात हिशोबापेक्षा १५० जास्त होते. झाले २४०.

बेरीज करा: ११०, ६०, १४०, २४०. साडेपाचशे. ती इतकी नेमकी जुळली यात थोडं नशीब आहे, कारण यातला प्रत्येक आकडा दहावीस इकडेतिकडे होऊ शकतो. पण ६० च्या जागी दुप्पट १२० धरले तरी चित्र बदलत नाही. ज्याच्या नावाने पावडर विकली जाते, तो या हिशोबातला सगळ्यात लहान तुकडा आहे.

आता "चोरून खाते" म्हणणाऱ्यांकडे वळतो, कारण २४० चा आकडा पाहून ते खूश झाले असतील. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये अशा दहा जणांचा अभ्यास झाला, जे म्हणत होते की १२०० पेक्षा कमी कॅलरी खाऊनही वजन उतरत नाही. त्यांचा खर्च अपेक्षेच्या पाच टक्क्यांच्या आत निघाला, म्हणजे चयापचय ठणठणीत होतं. पण खाण्याच्या नोंदी प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होत्या.

हे लोक खोटं बोलत होते का? इथे डॉ. निखिल धुरंधर यांचं काम मला महत्त्वाचं वाटतं. मुंबईत लठ्ठपणाच्या रुग्णांवर उपचार करता करता संशोधनाकडे वळलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले हे शास्त्रज्ञ. २०१५ साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत एका लेखात ठाम भूमिका घेतली, की लोकांनी स्वतः सांगितलेलं खाणं हे ऊर्जा मोजण्याचं साधन म्हणून वापरूच नये, इतकं ते अविश्वसनीय आहे. म्हणजे दोष मापात आहे. मी रोज संगणकावर आकड्यांशी खेळतो, मला माझ्या आईची पळी मोजता आली नाही. मग दिवसभर घरात सगळ्यांना वाढता वाढता चव घेणाऱ्या ताईला खोटारडी कुणी म्हणावं?

यावर एक आक्षेप हमखास येतो: 'द बिगेस्ट लूझर'. त्या अमेरिकन कार्यक्रमातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० ने कमी होता. आकडा खरा आहे. पण त्या मंडळींनी तीस आठवड्यांत सरासरी ५८ किलो उतरवले होते, तेही प्रचंड व्यायाम करून. आणि या अभ्यासातली कोच मंडळी कधी न सांगणारी गोष्ट ही, की सहा वर्षांनी ज्यांनी जास्त वजन टिकवलं होतं, त्यांच्यातच ही घट जास्त होती. घट हेच वजन परत चढण्याचं कारण असतं, तर उलटं दिसायला हवं होतं.

मग नियोजन कसं करायचं? माझी चूक शरीरात नव्हती, एक्सेलच्या सरळ रेघेत होती. वजन सरळ रेघेत उतरत नाही, उतार हळूहळू सपाट होत जातो. म्हणून आता दर पाच किलोंना मी हिशोब नव्याने करतो आणि रोजचा खर्च शंभराने घटला असं धरतो: सुमारे सत्तर आकाराचे, बाकी काटकसरीचे. ते शंभर दरवेळी ताटातून काढत नाही. तारीख पुढे ढकलतो. सहा महिन्यांचं काम आठ-नऊ महिन्यांचं धरलं, की मे महिन्यात कुणाला पावडर घ्यावीशी वाटत नाही.

अडकलो असं म्हणण्याआधी साप्ताहिक सरासरी चार आठवडे पाहायची आणि कमरेचं मापही घ्यायचं. लग्नाच्या पंगतीनंतर मीठ आणि पाणी दोन किलोंचा भास सहज घडवतात. मग पावलं बघायची, मग सात दिवस तेल तोलायचं. तरीही उत्तर मिळालं नाही, किंवा सतत थंडी वाजणं, थकवा, पाळी चुकणं असं काही असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइडसह तपासण्या करायच्या. तिथे अजून कमी खाणं हा उपाय नव्हेच.

आणि शेवटचा मुद्दा, जो कुठल्याच पॅकेजमध्ये नसतो. ८० किलोचा मी ९४ किलोच्या माझ्यापेक्षा रोज सुमारे २५० कॅलरी कमी खर्च करणार, तेही कायम. आहार संपला म्हणून जानेवारीआधीच्या ताटाकडे परतलो, तर ९४ कडेही परतणार. त्यासाठी चयापचय डॅमेज असायची गरज नाही.

ताईने पॅकेज घेतलं नाही. मात्र माझा हिशोब ऐकून ती आधी चिडली. "म्हणजे चूक माझीच ना?" मी म्हटलं, "चूक पळीची." आम्ही ती पळी काट्यावर ठेवली, शून्य केला आणि आईने रोजच्यासारखं तेल भरलं. अठरा ग्रॅम. ताई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग मी बिघडली नाही तं."