उचल आणि पावती

मराठी चित्रपटाला महाराष्ट्र शासनाचे अनुदान मिळते, पण ते चित्रपट पूर्ण होऊन त्याचे परीक्षण झाल्यावर. मालवणात शूटिंगला होडी लावणाऱ्याला मात्र डिझेल त्याच सकाळी भरावे लागते. म्हणून माझे मत असे, की अनुदानाच्या भरवशावर कुणाची मजुरी ठेवू नये. हाती असलेल्या पैशांतून ती आधी बाजूला काढावी, मगच शूटिंगची तारीख ठरवावी.

समजा, होडी चार दिवसांसाठी रोज 3000 रुपयांनी ठरली आणि आदल्या दिवशी 5000 उचल दिली. ही उचल खर्चात न लिहिता होडीवाल्याच्या नावे लिहावी. काम संपले की 12,000चे बिल घ्यावे, त्यातून उचल वजा करावी आणि उरलेले 7000 त्याच संध्याकाळी द्यावेत. त्याच्याकडे बिलबुक नसेल तर साध्या कागदावर तारखा, होडीचे नाव आणि रक्कम लिहून सही घ्यावी. एक प्रत त्याच्याकडेही राहावी, म्हणजे पुढे वाद झाला तर तोही रिकाम्या हाताने उभा राहत नाही.

उचलही खर्चात आणि पूर्ण बिलही खर्चात धरले, की वहीत 17,000 दिसतात. मग पेटीतली रोकड वहीतल्या शिलकेपेक्षा 5000ने जास्त भरते. रोज रात्री पेटी मोजली तर हे लगेच कळते. महिन्याने ते पाच हजार कुठले, हे कुणालाच सांगता येत नाही.