लाल ठिपका जाळण्याआधी मोजा

गळ्याजवळ, छातीवर किंवा गालावर टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका उठतो. नीट पाहिले, तर त्यातून चारी बाजूंना केसासारख्या बारीक लाल रेषा फुटलेल्या दिसतात. तो दुखत नाही, खाजत नाही. घरचे म्हणतात, उष्णता वाढली आहे, सब्जा घे. ओळखीचे कोणी सांगते, लाल तीळ आहे, लेझरने पाच मिनिटांत जातो. या सगळ्यात दोन साध्या गोष्टी राहून जातात: ठिपका दाबून पाहणे आणि असे ठिपके किती आहेत ते मोजणे. डाग काढून घ्यायला कोणाची हरकत नसावी. मात्र न मोजता काढणे धोक्याचे ठरू शकते.

वैद्यकात या डागाला 'स्पायडर नेव्हस' म्हणतात. अंगावरून कोळी गेला की पुरळ उठते, या समजुतीशी त्याचा संबंध नाही. नाव केवळ आकारावरून पडले आहे. मधला ठिपका म्हणजे त्वचेच्या पृष्ठभागाकडे वर आलेली एक सूक्ष्म रोहिणी. 'पाय' म्हणजे तिच्याकडून रक्त घेणाऱ्या, रुंदावलेल्या केशवाहिन्या. त्यामुळे बरोबर मध्यावर बोथट टोकाने दाबले, की पायांसकट सगळा डाग फिका पडतो. दाब काढताच रक्त मधून निघून पायांच्या टोकांकडे भरत जाते. रक्त भरण्याची ही दिशा हीच त्याची खरी ओळख.

दाबण्याचा दुसराही उपयोग आहे. वाढत्या वयात पोटा-पाठीवर माणकासारखे गोल लाल ठिपके येतात. त्यांना पाय नसतात, ते दाबून फारसे फिके पडत नाहीत आणि निरुपद्रवी असतात. डेंग्यूत किंवा प्लेटलेट घटल्यावर येणारे बारीक ठिपके मात्र दाबून मुळीच जात नाहीत, कारण तिथे रक्त वाहिनीबाहेर झिरपलेले असते. तसे ठिपके दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सावळ्या त्वचेवर लाली सहज उमटत नाही. म्हणून ही तपासणी ट्यूबलाइटखाली न करता दिवसाच्या उजेडात, जमल्यास भिंग घेऊन करावी.

हे डाग येण्यामागचे एक मोठे कारण म्हणजे इस्ट्रोजेन हे संप्रेरक. त्याचे प्रमाण वाढले की त्वचेतल्या या वाहिन्या रुंदावतात. गरोदरपणात ते स्वाभाविकपणेच वाढते, म्हणून सुरुवातीच्या काही महिन्यांत चेहरा, मान, छाती, हात यांवर असे डाग दिसू लागतात. तळहातही लाल होऊ शकतात. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांत बहुतेक डाग आपोआप विरतात. तोवर त्यांवर मलम, लेझर, चटका यांतले काहीही करण्याची गरज नसते. केवळ डाग दिसले म्हणून गर्भवतीला यकृताच्या तपासण्यांच्या फेऱ्यात टाकणेही योग्य नाही. डोळे पिवळे होणे, गडद लघवी होणे, किंवा पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज सुटणे, यांपैकी काही असेल तर मात्र यकृताची तपासणी लगेच करायला हवी.

निरोगी माणसांतही, विशेषतः मुलांमध्ये, असा एखाद-दुसरा डाग सापडतो. पण प्रौढ माणसाच्या, त्यातही पुरुषाच्या अंगावर पाचापेक्षा जास्त डाग असले आणि नवे येत राहिले, तर नजर यकृताकडे वळायला हवी. इस्ट्रोजेन निकामी करण्याचे काम यकृताचे. ते सिरोसिसने आकसू लागले, की हे संप्रेरक शरीरात साचते. डाग जवळजवळ नेहमी छातीच्या वरच्या भागात, मानेवर, चेहऱ्यावर आणि हातांवर येतात, कमरेखाली क्वचितच.

रुग्णालयांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चित्रावरून एक उदाहरण रचू. ४४ वर्षांचे एक हिशेबनीस. रोज रात्री दारू, पण 'कधी झिंगत नाही' अशी ख्याती. घरात लग्न आले म्हणून ते गळ्यावरचे चार 'लाल तीळ' काढायला जातात. सदऱ्याची बटणे कोणी उघडायला सांगत नाही. उघडली असती, तर छातीवर आणि खांद्यांवर आणखी नऊ दिसले असते. लेझरने मधली रोहिणी बंद होते, पाय नाहीसे होतात, सगळे खूश. वर्षभराने एका पहाटे त्यांना रक्ताची उलटी होते. यकृतातून वाट न मिळालेले रक्त अन्ननलिकेतल्या शिरांत शिरून त्या फुगलेल्या असतात, आणि त्यातली एक फुटते.

या वर्षभरात काय हाताशी होते? विम्यासाठी केलेला रक्ताचा अहवाल. त्यात एसजीपीटी ३६, म्हणजे मर्यादेत. तेवढे पाहून 'लिव्हर ठीक' असा शेरा पडला. सिरोसिसमध्ये हा आकडा असा फसवू शकतो, कारण खराब व्हायला निरोगी पेशीच कमी उरलेल्या असतात. त्याच कागदावर एसजीओटी ७८ होते, एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त. दारूने बिघडलेल्या यकृताची ती जुनी खूण. प्लेटलेट होत्या ९८ हजार. हे आकडे एकत्र मांडणारे 'फिब-४' नावाचे सोपे गणित आहे. वयाला एसजीओटीने गुणायचे: ४४ गुणिले ७८, म्हणजे ३,४३२. एसजीपीटीचे वर्गमूळ ६, त्याला हजारांतल्या प्लेटलेटने, म्हणजे ९८ ने गुणले की ५८८. पहिल्या संख्येला दुसरीने भागले की ५.८. उत्तर २.६७ च्या वर गेले, तर यकृतात बरीच घट्ट वणासारखी ऊती तयार झाल्याची शंका घेऊन पुढची तपासणी करतात. इथे ते दुपटीहून जास्त आहे. तेव्हाच सोनोग्राफी आणि दुर्बिणीतून तपासणी झाली असती, तर फुगलेल्या शिरा सापडल्या असत्या. त्यांवर रबरी कडी बसवता येते, किंवा त्यांतला दाब उतरवणाऱ्या गोळ्या देता येतात. रक्तस्रावाचा धोका बराच कमी झाला असता, आणि दारू सोडण्याचे बोलणे वर्षभर आधी सुरू झाले असते.

डागांवर सगळा भरवसा टाकणेही चुकीचे. सिरोसिस असलेल्या अनेकांच्या अंगावर एकही डाग नसतो. उलट, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही डाग येतात. डाग म्हणजे निदान नव्हे. कोणाचे रक्त तपासायचे, हे सांगणारी ती खूण आहे. यकृत सावरले तर डाग फिके होऊ शकतात, म्हणून पुढच्या भेटींतही ते मोजण्याला अर्थ असतो.

म्हणून अपेक्षा मोजकीच आहे. लेझर वा चटका देणाऱ्या प्रत्येक ठिकाणी आधी सदरा उतरवून डागांची संख्या कागदावर लिहावी. पाचाच्या वर असतील, तर दारू, कावीळ, मधुमेह, रोजच्या गोळ्या यांची चौकशी करावी, यकृताची तपासणी लिहून द्यावी आणि अहवाल येईपर्यंत लेझर थांबवावे. बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात, हे खरे. पण बटणे उघडून छातीवर नजर टाकायला आणि एक डाग दाबून सोडायला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि त्याला कोणते यंत्रही लागत नाही.