गोदाम भरलंय की नुसतं अडलंय?

मागच्या व्हिडिओत मी गोदामात माल लावायच्या दोन पद्धती सांगितल्या. पहिली ठरलेल्या जागेची, म्हणजे फिक्स्ड लोकेशन. दुसरी मिळेल त्या जागेची, म्हणजे रँडम लोकेशन. व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "सर, मग चांगली कुठली?" व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून माझं मत इथे सविस्तर लिहितो. ते थोडं वेगळं आहे. जागा रँडम पद्धतीमुळे वाचत नाही, ती तुमच्या खरेदीच्या वेळापत्रकामुळे वाचते. हे समजायला मला स्वतःला अकरा महिन्यांचं भाडं मोजावं लागलं.

आमचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. मागे गोदामात दहा रॅक आणि प्रत्येक रॅकला बारा खण, म्हणजे एकूण 120 खण. सुरुवातीपासून प्रत्येक मालाची जागा ठरलेली होती. पंख्यांचे खण, गिझरचे खण, वायरचे खण, सगळ्यांवर मार्करने नावं लिहिलेली. एका मार्चमध्ये पंख्यांची मोठी गाडी आली आणि माल ठेवायला जागाच नाही! शेजारचा गाळा महिना 8,000 रुपये भाड्याने घेतला. अकरा महिने भाडं भरलं, 88,000 रुपये.

मग एका सोमवारी संध्याकाळी वही घेऊन गोदामात फिरलो. प्रत्येक खणासमोर उभं राहून भरलेला, अर्धा किंवा रिकामा अशी खूण केली. 31 खण पूर्ण रिकामे निघाले, 22 अर्धे. त्यातले बरेच गिझरचे होते. गिझर थंडीत विकला जातो. उन्हाळ्यात त्याची जागा ओस पडते, पण वर नाव लिहिलेलं असल्यामुळे तिथे कोणी पंखा ठेवत नव्हतं. गोदाम भरलेलं नव्हतं, अडलेलं होतं.

ठरलेल्या जागेत नेमकं काय होतं

सोपं उदाहरण घेऊ. समजा तुमच्याकडे फक्त सहा प्रकारचा माल आहे. प्रत्येक माल आठवड्याला तीन खणांइतका विकला जातो. दोन खण उरले की नवा माल येतो, एका वेळी 18 खणांचा. म्हणजे गाडी आली त्या दिवशी त्या मालाला 20 खण लागतात आणि पुढची गाडी यायच्या आधी फक्त दोन. एक फेरी सहा आठवड्यांची.

जागा ठरलेली असेल तर प्रत्येक मालासाठी त्याच्या सगळ्यात मोठ्या दिवसाइतकी जागा राखावी लागते. सहा माल गुणिले 20, म्हणजे 120 खण. पण प्रत्येक माल सहा आठवड्यांत एकदाच 20 वर असतो, बाकी दिवस उतरत जातो. सरासरी 11 खण. म्हणजे सहाही मालांना मिळून रोज सरासरी 66 खणच वापरात असतात. बाकीचे 54 खण तुम्ही रिकामे सांभाळता, भाडं मात्र पूर्ण 120 चं भरता.

रँडममध्ये काय बदलतं

आता नावं पुसून टाका. जो खण रिकामा, त्यात जो माल आला तो. आणि दर आठवड्याला एकाच मालाची गाडी बोलवा. ज्या दिवशी गाडी येते त्या दिवशीची स्थिती बघा: आज आलेला माल 20 खण, गेल्या आठवड्यात आलेला 17, त्याआधीचा 14, मग 11, 8 आणि 5. बेरीज 75. म्हणजे सगळ्यात गर्दीच्या दिवशीसुद्धा 75 खण पुरतात. तेवढाच माल, तेवढीच विक्री, पण 45 खण मोकळे.

पण आता खरी गंमत ऐका. डीलरची महिनाअखेरची स्कीम आली आणि तुम्ही सहाही माल एकाच आठवड्यात उचलले, तर? सहा गुणिले 20, परत 120! रँडम पद्धत तीच, पण बचत शून्य. एकाचा माल उतरतो तेव्हा दुसऱ्याचा चढला, तरच दोघं एकच जागा वापरू शकतात. दोघंही एकदम चढले तर कुठलीच पद्धत मदत करत नाही. दिवाळीआधी सगळ्यांची गोदामं का तुंबतात, त्याचं उत्तर यात आहे.

म्हणून मी सांगतो, रँडम पद्धतीकडे वळण्याआधी मागच्या सहा महिन्यांची खरेदी बिलं काढा आणि तारखा बघा. सगळी बिलं महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांतली असतील, तर आधी तारखा पसरवा. स्कीममध्ये मिळणारी सूट आणि त्यासाठी लागणाऱ्या जादा जागेचं भाडं, दोन्ही आकडे शेजारी लिहा. कधी सूट मोठी निघेल, तेव्हा जरूर उचला. पण हिशेब करून उचला.

माझी दुसरी चूक

रिकामे खण मोजल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. अमेझॉनच्या मोठ्या गोदामांत एकाच खणात पुस्तक, खेळणं आणि शाम्पू शेजारी-शेजारी ठेवलेले असतात, हे मी वाचलं होतं. मीही सगळं गोदाम रँडम केलं. शेजारचा गाळा सोडला, भाडं वाचलं, मी खूश.

पण त्यांच्याकडे माल ठेवताना वस्तू आणि खण दोन्ही स्कॅन होतात. आमच्याकडे कुठला माल कुठे आहे हे एकाच जागी लिहिलेलं होतं: आमच्या गोदामातल्या मामांच्या डोक्यात. मामा गावी लग्नाला गेले आणि दोन दिवसांत आमची दैना झाली. गिऱ्हाईक काउंटरवर उभं, मुलगा आत खोकी उचकतोय. त्या थंडीत गिझरची दोन खोकी सापडलीच नाहीत, म्हणून मी नवीन मागवली. जुनी मार्चमध्ये निघाली, पंख्यांच्या मागे. सीझन संपलेला, पैसा अडकलेला.

ठरलेल्या जागेची जी किंमत आपण रिकाम्या खणांत मोजतो, ती रँडममध्ये नोंदीत मोजावी लागते. नोंद चुकली तर माल गोदामात असूनही तुमच्यासाठी नाहीच.

आता मी काय करतो

आता आमच्याकडे दोन्ही पद्धती आहेत, पण वेगवेगळ्या ठिकाणी. दाराजवळ ठरलेली जागा, मागे रँडम.

वरचंच उदाहरण चालवू. दाराजवळ प्रत्येक मालाला पाच खण पक्के, म्हणजे एकूण 30. गिऱ्हाइकाचा माल इथूनच निघतो, त्यामुळे नवीन पोरालाही पहिल्या दिवसापासून सापडतो. आठवड्याला तीन खण विकले जातात, म्हणजे हे पाच खण आठवडाभर पुरतात. आठवड्यातून एकदा मागून पुढे भरायचं. बाकीचा साठा मागे, मिळेल त्या खणात. गर्दीच्या दिवशी मागे किती लागतात? प्रत्येकातून पुढचे पाच वजा करा: 15, 12, 9, 6, 3 आणि शून्य. बेरीज 45. पुढचे 30 आणि मागचे 45, परत 75 च! पुढची जागा पक्की करूनही जादा जागा लागली नाही. मी वर आणखी 15 खण मोकळे ठेवतो, कारण गाडी कधी लवकर येते, कधी विक्री मंदावते. 120 च्या जागी 90.

मागच्या भागासाठी आमचे नियम मोजके आहेत. प्रत्येक खणाला पत्ता आहे. ब-3-2 म्हणजे ब रॅक, खालून तिसरी फळी, डावीकडून दुसरा खण. खोकं ठेवलं की रॅकसमोरून हलायच्या आधी वहीत लिहायचं: तारीख, खण, माल, किती खोकी. काढलं तरी तसंच. "नंतर लिहितो" म्हणालं की ते खोकं हरवलंच समजा.

अर्धा खण रिकामा दिसला की त्यात दुसरा माल घालायचा मोह होतो. एका खणात दोन प्रकारचे माल चालतील, पण दिसायला सारखे नकोत. एक आणि दीड स्क्वेअर एमएमची वायर, 9 आणि 12 वॉटचे बल्ब एकत्र ठेवले की चुकीचा माल गिऱ्हाइकाकडे जाणारच.

आणि रँडम म्हणजे कुठेही नाही. वायरची जड बंडलं खालच्या फळीवरच. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या वेगळ्या, हवेशीर जागी जमिनीलगत, तारीख समोर दिसेल अशा. पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते, म्हणून आधी आलेली आधी गेली पाहिजे. महागडा छोटा माल कुलपात. हे सोडून उरलेला माल रँडम.

नोंद बरोबर आहे का, हे कसं कळणार? मी रोज दुकान बंद करण्याआधी पाच ओळी वहीतून निवडून खण बघतो, आणि पाच खण बघून वहीत शोधतो. दोन्ही बाजूंनी बघायचं. फक्त वहीतून खणाकडे गेलात तर जे खोकं लिहिलंच नाही ते कधीच पकडलं जाणार नाही. दहामध्ये दोन चुका निघाल्या तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो पूर्ण रॅक मोजतो.

मग तुम्ही काय करावं?

तुमच्याकडे जागा भरपूर असेल, भाडं जात नसेल आणि माल मोजका असेल, तर ठरलेली जागाच ठेवा. रिकामे खण तुम्हाला महाग पडत नाहीत, मग वहीचा व्याप कशाला? लिहिण्याची शिस्त लावायला माणूस नसेल तरीही तेच. आणि सीझन वेगवेगळे असतील, खरेदी पसरलेली असेल आणि जागा कमी पडत असेल, तर मागचा भाग रँडम करा. सगळं गोदाम एका दिवसात बदलू नका. आधी दोनच रॅक घ्या, महिनाभर वही सांभाळा, वही टिकली तर तिसरा.

पण त्याआधी या सोमवारी संध्याकाळी दुकान बंद झालं की खण मोजा: भरलेले, अर्धे, रिकामे. आणि तिन्ही आकडे कमेंटमध्ये लिहा. नवीन गाळ्याची बोलणी करताय, त्यांनी तर नक्कीच. टोकन द्यायच्या आधी.