कानांतील बॅटरी आणि तिची डबी

उधन्याहून एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. तो मूळचा नंदुरबारकडचा असून उधन्यातील एका मागाच्या कारखान्यात रात्रपाळीस असतो. मागल्या दिवाळीस त्याने दीड हजार रुपयांस बिनतारी इअरबडची जोडी घेतली. नवी असता ती एका भरणीत पाच तास चाले. आता डावा बड चार तास चालतो, आणि उजवा अडीच तासांतच बंद पडतो. चार्जर बिघडला असेल काय, की दुकानदाराने फसविले, असे तो विचारतो. गावी आईशी बोलणे याच बडवरून होत असल्याने नवी जोडी घ्यावी की आणखी काही काळ हीच चालवावी, हा त्याच्यापुढे प्रश्न आहे. अशा जोड्या आता घरोघरी आल्या आहेत, म्हणून उत्तर येथेच देतो.

प्रथम या बॅटरीचे आकारमान ध्यानी घ्यावे. साधारण मोबाइलची बॅटरी पाच हजार मिलिअँपिअर-तासांची असते, तर कानांतील बडची असते अवघी चाळीसच्या आसपास. म्हणजे मोबाइलची सव्वाशेपट मोठी. बॅटरी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा पूर्ण भरली की तिचा एक फेरा झाला असे मानतात. अर्धी रिकामी करून दोनदा भरली तरी तो एकच फेरा. अशा लहान बॅटरीकडून सामान्यतः तीनशे ते पाचशे फेऱ्यांची अपेक्षा धरतात, आणि तेवढ्यात तिची शक्ती मूळच्या ऐंशी टक्क्यांवर येते.

आता आमच्या पत्रलेखकाचा हिशेब पाहू. पाळी बारा तासांची. मागांचा आवाज आणि मुकादमाची हाक कानी पडावी म्हणून तो डावा कान मोकळा ठेवतो व उजवा बड मात्र जवळजवळ पाळीभर लावतो. संपला की डबीत घालतो, भरला की पुन्हा काढतो. अशाने उजव्या बडचे एका रात्रीत दीड-दोन फेरे होतात. महिन्याच्या पंचवीस रात्री धरल्या तर चाळीस ते पन्नास. दहा महिन्यांत चारशेचा आकडा उजव्याने ओलांडला, आणि डावा बहुतेक डबीतच बसून राहिला. उजवा आधी म्हातारा झाला यात दुकानदाराचा दोष दिसत नाही. पाळीपाळीने एक दिवस उजवा व एक दिवस डावा लावला असता, तर झीज दोघांत वाटली गेली असती. (मागांच्या खडखडाटावर मात करण्यासाठी बडचा आवाज चढविणे कानांस फार घातक, हे जाता जाता सांगितले पाहिजे. तेथे गाणी न ऐकलेलीच बरी.)

परंतु फेऱ्यांनी सगळा उलगडा होत नाही. डावा बड फारसा वापरला नसताही त्याची पंचमांश शक्ती गेलीच आहे. ती कशाने गेली? लिथियमची बॅटरी नुसती ठेवली तरी झिजते. आणि पूर्ण भरलेली व गरम अशी ठेवली तर सर्वांत लवकर झिजते. भरलेल्या स्थितीत तिच्यातील दाब, म्हणजे व्होल्टेज, सर्वाधिक असतो व उष्णतेने आतील रासायनिक क्रिया वेग घेतात. बॅटरी युनिव्हर्सिटी या माहितीसंग्रहात एक कोष्टक प्रसिद्ध आहे. त्यानुसार पंचवीस अंश उष्णतेत पूर्ण भरून वर्षभर ठेवलेल्या बॅटरीत सुमारे ऐंशी टक्के शक्ती उरते, तर चाळीस टक्केच भरून ठेवलेलीत शहाण्णव. चाळीस अंश उष्णतेत हेच आकडे पासष्ट व पंच्याऐंशी असे उतरतात. प्रत्येक बॅटरीस हे आकडे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, पण कल कोणीकडे आहे ते यावरून दिसते.

आता त्याच्या पत्रातील दुसरी ओळ वाचावी: सकाळी पाळीवरून आल्यावर तो डबी चार्जरला लावतो, पत्र्याखालच्या फळीवर ठेवतो आणि सायंकाळपर्यंत झोपतो. डबी साधारण तास-दीड तासात भरते. पुढचे सात-आठ तास ती भरलेली राहते, आतील दोन्ही बडही भरलेले राहतात, आणि वर उन्हाने तापलेला सुरतेचा पत्रा. चार्जर ठीकच आहे. भरणी पुरी झाली की डबी आत येणारी वीज थांबविते. नुकसान होते ते त्या भरलेपणाने व उष्णतेने.

उपाय साधा आहे. डबी फळीवरून खाली जमिनीवर, वारा लागेल अशा सावलीत आणावी. डबीवर चार दिवे असतील तर एक दिवा उरल्यावर लावावी व तिसरा लागून चौथा लुकलुकू लागला की काढावी. झोपण्यापूर्वी अंघोळ-जेवण उरकेपर्यंत हे होऊन जाते. उन्हात उभ्या केलेल्या रिक्षात वा खिडकीत ती ठेवू नये. हाताला गरम लागत असेल तर निवेपर्यंत चार्ज करू नये. काही जोड्यांच्या मोबाइलमधील ॲपमध्ये भरणी ऐंशी टक्क्यांवर थांबविण्याची सोय असते. असेल तर ती अवश्य चालू करावी.

याच्या उलट टोकही टाळावे. डबी पूर्ण रिकामी झाली की पुष्कळ जोड्यांतील बडना आपण डबीत आहोत हेच कळत नाही. ते जागे होतात, मोबाइलला जोडले जातात व आतल्या आत रिकामे होतात. तसेच महिनोन्महिने पडून राहिलेली बॅटरी कधी इतकी खाली जाते की पुन्हा भरतच नाही. गावी महिनाभर जाताना जोडी मागे ठेवायची असल्यास डबी निम्मी भरून थंड जागी ठेवावी.

नवी जोडी घेण्यापूर्वी एक परीक्षा मी त्यास कळविली होती. मागाच्या कारखान्यात धाग्याची बारीक लव सर्वत्र उडते. ती तेलात व घामात चिकटून बडच्या तळाशी असलेल्या धातूच्या टिकल्यांवर व डबीतील बारीक खिळ्यांवर बसते. मग बड आत ठेवलेला दिसतो, परंतु अर्धाच भरतो. कोरड्या कापसाच्या काडीने दोन्ही बाजू हळुवार पुसाव्यात, पाणी लावू नये, टाचणीने खरवडू नये. मग दोन्ही बड पूर्ण भरून, एकाच आवाजावर, मध्ये फोन न घेता चालू ठेवावेत व कोणता केव्हा बंद पडला ते घड्याळात पाहून लिहावे.

त्याचे उत्तर आले. डावा चार तास, उजवा सव्वातीन. म्हणजे उजव्याची पाऊण तासाची तूट निव्वळ मळामुळे होती. पाच तासांशी तुलना करता डाव्यात ऐंशी टक्के व उजव्यात पासष्ट टक्के शक्ती उरली आहे. गेलेली शक्ती कोणत्याही सवयीने परत येत नाही; फक्त पुढची घसरण मंदावते. बडच्या आतील बॅटरी बदलणे बहुधा जमत नाही, कारण ते कवच चिकटवून बंद केलेले असते. परंतु आईशी रोज अर्धा-पाऊण तास बोलण्यास सव्वातीन तास पुरेसे आहेत. तेव्हा तूर्त नवी जोडी घेऊ नये. पाळीत डाव्यावर भार टाकावा, आणि घामाने ओला बड पुसल्याशिवाय डबीत घालू नये, कारण ओल्या टिकल्यांतून वीज वाहिली की त्या गंजतात.

मात्र डबीचे झाकण नीट बसेनासे झाले, तिची एखादी बाजू फुगली किंवा बडची शिवण उकलली, तर बॅटरी फुगली असे समजावे. तशी वस्तू त्याच क्षणी चार्जिंगवरून काढावी, दाबू नये, टोचू नये, कचऱ्याबरोबर जाळू नये; विद्युत कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी.