नळाला आरओ अन् बोअरला यूव्ही? आपल्याकडे उलटंच चाललंय

मागच्या पंधरवड्यात आमच्या गावात पाणी शुद्ध करायच्या मशीन विकणारे दोघे जण मोटारसायकलवर आले. मारुतीच्या पारावर त्यांनी काचेचे दोन ग्लास मांडले. एकात आपल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या आरओ मशीनचं. दोन्ही ग्लासांत धातूच्या दांड्या बुडवल्या अन् करंट दिला. दोन-चार मिनिटांत नळाचं पाणी तांबडं-काळपट झालं, वर फेस आला. मशीनचं पाणी मात्र होतं तसंच. "हे विष तुम्ही लेकराबाळांना पाजताय," असं एक जण म्हणाला. संध्याकाळपर्यंत सहा घरांनी हप्त्यावर आरओ नोंदवला. त्यात माझा चुलत भाऊ पण होता, चौदा हजारांचा.

हा खेळ आधी समजून घ्या, कारण तो तुमच्याही गावात होणार आहे. पाण्यात क्षार असले की त्यातून करंट वाहतो. करंट वाहिला की लोखंडाची दांडी विरघळायला लागते. जो तांबडा गाळ दिसतो तो त्या दांडीचा गंज आहे, पाण्यातली घाण नाही. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून करंट वाहत नाही अन् दांडी गंजत नाही. मी त्यांना म्हटलं, तुमच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका अन् परत दांड्या बुडवा. टाकलं. तेही तांबडं झालं. तोवर सह्या होऊन गेल्या होत्या.

आता गंमत बघा. ज्या सहा घरांनी आरओ घेतला, त्या सगळ्यांना धरणाचं गोडं पाणी येतं. अन् वस्तीवरच्या ज्या घरांना बोअरचं जड पाणी प्यावं लागतं, त्यांच्याकडे स्वस्त पडतो म्हणून यूव्ही आहे. दोन्हीकडे पैसा गेला, अन् दोन्हीकडे चुकीचं यंत्र आलं.

दोन दुखणी, दोन औषधं

पाण्याची दुखणी दोन प्रकारची. एक म्हणजे जंतू. जुलाब, कावीळ, विषमज्वर यांतून होतात. दुसरं म्हणजे पाण्यात विरघळलेलं काहीतरी: चुना, मीठ, नायट्रेट, काही ठिकाणी फ्लोराइड.

यूव्ही म्हणजे नळीत ठेवलेला अतिनील किरणांचा दिवा. पाणी त्याच्या शेजारून जातं अन् जंतू मरतात. पण पाण्यातला चुन्याचा एक कणही त्याने कमी होत नाही. जड पाणी यूव्हीतून काढलं तरी जडच राहतं.

आरओमध्ये पाणी जोराने एका बारीक पडद्यातून, म्हणजे मेंब्रेनमधून, ढकललं जातं. क्षार बहुतेक मागे राहतात, जंतूही अडतात. पण मागे राहिलेले क्षार वाहून न्यायला पाणी लागतं. घरगुती आरओत साधारण चार भाग पाण्यातलं एक भाग, फार तर थोडं जास्त, प्यायला मिळतं. बाकीचं मोरीत.

म्हणून विचारायचा पहिला प्रश्न "कोणती मशीन चांगली" हा नाही. माझं पाणी येतं कुठून, हा आहे.

धरणाचं पाणी: इथे भीती जंतूंची

भावाच्या नळाचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, मी मोजला. २१० आला. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ५०० पर्यंत चांगलं धरतं. दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की, जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी घालणारे नियम करा. म्हणजे भावाच्या घरी आरओची गरजच नव्हती.

त्याचा हिशोब बघा. घरात पाच माणसं. प्यायला अन् स्वयंपाकाला दिवसाला वीस लिटर. तेवढ्यासाठी आरओला सत्तर लिटर पाणी लागतं. पन्नास लिटर मोरीत जातं. आमच्याकडे नळ चार दिवसांनी येतो अन् भावाची टाकी हजार लिटरची आहे. म्हणजे चार दिवसांत दोनशे लिटर, टाकीचा पाचवा हिस्सा, नुसता वाहून जातो. दोनशे घरांनी असंच केलं तर रोज दहा हजार लिटर. उन्हाळ्यात एवढ्याच पाण्यासाठी आपण टँकर मागतो.

पण टीडीएस २१० आला म्हणजे पाणी सुरक्षित, असंही समजू नका. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत. पाइप फुटून गटाराचं पाणी आत गेलं तरी मीटर २२० दाखवेल. नळ चार दिवसांनी येतो तेव्हा मधल्या काळात पाइप रिकामा असतो अन् फुटीतून बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून अशा घराला यूव्ही शोभतो. फक्त दोन अटी आहेत. पाणी गढूळ नको, कारण मातीच्या कणाआड जंतू लपतात अन् किरण पोचत नाहीत. पावसाळ्यात आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी घ्यायचं. दुसरी अट लाइटीची. लाइट गेली की यूव्ही बंद. अशा वेळी पाणी उकळा. खळखळून एक मिनिट उकळलं तरी जंतू मरतात.

यूव्हीचं काम तेवढ्यापुरतंच असतं. पाणी पुढे माठात गेलं अन् त्यात हात बुडाला की परत जंतू. ओगराळं वापरा, नाहीतर तोटीचा माठ घ्या.

बोअरचं पाणी: इथे यूव्ही आंधळा होतो

आता वस्तीवरचे तात्या. त्यांच्याकडे यूव्ही आहे, निळा दिवा छान लागतो. तरी डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याला पांढरा थर बसतो. ही सगळी जडपणाची लक्षणं. मी त्यांचं पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत दिलं. टीडीएस ११८०, जडपणा ५२०, नायट्रेट ६८.

यातला जडपणा ऐकून घाबरायचं कारण नाही. मानकाने २०० चांगलं अन् दुसरा पर्याय नसेल तर ६०० पर्यंत धरलंय. जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्यासाठी जडपणाची मर्यादा ठरवलेली नाही. पण यंत्राला तो मारक आहे. यूव्हीचा दिवा काचेच्या नळीत असतो. जड पाण्याने त्या नळीवर पातेल्यासारखाच पांढरा थर बसतो. बाहेरचा निळा दिवा लागलेला दिसतो, पण किरण पाण्यापर्यंत पोचत नाहीत. जडपणा साधारण १२० च्या वर गेला की यूव्हीला ही अडचण यायला लागते. तात्यांकडे तो ५२०. मिस्त्रीने नळी काढली तेव्हा ती दुधाच्या बाटलीसारखी झाली होती. म्हणजे तात्यांचं यंत्र क्षार काढत नव्हतंच, जंतूही धड मारत नव्हतं.

खरी काळजी नायट्रेटची. मर्यादा ४५ ची आहे अन् यात सवलत नाही. बोअर उकिरड्याच्या अन् शोषखड्ड्याच्या जवळ, चहूकडे युरिया. तिथून ते झिरपतं. त्याला चव नाही, रंग नाही, वास नाही. मोठ्या माणसाला सहसा लगेच काही होत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात ऑक्सिजन कमी पडू शकतो, बाळ निळं पडतं. तात्यांची सून बाळंत झालेली, बाळाला वरचं पावडरचं दूध सुरू. ते दूध बोअरच्याच पाण्यात, चांगलं उकळून. अन् उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उलट दाट होतं. रिपोर्ट आला त्याच दिवशी तात्यांनी बाळाचं पाणी गावातल्या नळावरून न्यायला सुरुवात केली. तेही उकळून.

अशा घराला आरओ पाहिजे. पाणी वाया जाणार, पण ते वापरता येतं. तात्यांच्या आकड्यांनी हिशोब केला तर मोरीत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस सोळाशेच्या आसपास येतो. त्याने फरशी धुवा, संडासात टाका. रोपांना अन् भाजीपाल्याला रोज घालू नका, जमीन खारवते.

यंत्र बसल्यावर फसगत कशी ओळखायची

तीन-चारशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या अन् महिन्यातून एकदा दोन आकडे लिहा: आत जाणारं पाणी अन् बाहेर येणारं. ११८० आत असेल तर बाहेर शंभर-सव्वाशे यायला पाहिजे. बाहेरचा आकडा तीनशेच्या वर गेला की मेंब्रेन गेला समजा. जड पाण्यात मेंब्रेनवरही थर बसतो, तेव्हा तांब्या भरायला लागणारा वेळ वाढत जातो. ही पहिली खूण.

पण एक फसवा स्क्रू असतो. काही मशीनमध्ये चव यावी म्हणून थोडं पाणी मेंब्रेन चुकवून तसंच मिसळतात. त्याला टीडीएस कंट्रोलर म्हणतात. नायट्रेटच्या पाण्यात तो पूर्ण बंद ठेवायला सांगा, नाहीतर जे काढायला पैसे दिले तेच परत ग्लासात येतं.

यूव्हीचा दिवा साधारण वर्षाने बदलायचा. तो दिसायला पेटतो, पण मारायची ताकद उतरलेली असते.

नळ एक, पाणी दोन

काही गावांत आठ महिने धरणाचं पाणी अन् एप्रिलपासून त्याच पाइपात बोअरचं सोडतात. अशा घरांनी जानेवारीत टीडीएस मोजून निर्णय घेऊ नये. एकदा हिवाळ्यात अन् एकदा मेमध्ये मोजा. मेमधला आकडा ८००-९०० आला अन् नायट्रेट मर्यादेत असेल, तर तेवढ्या महिन्यांसाठी आरओ घ्यायचा की चव सोसायची, हा घराचा प्रश्न आहे. नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल तर तो प्रश्न राहत नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांनी फ्लोराइडने पिवळे पडलेले दात पाहिलेत. तेही यूव्हीने जात नाही.

जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायचं किट गावाला दिलंय अन् ते वापरायला गावातल्या पाच महिलांना शिकवायचं ठरलंय. तुमच्या गावचं किट कुठल्या कपाटात आहे ते ग्रामसेवकाला विचारा. मशीनवाला येईल तेव्हा त्याच्या ग्लासाकडे बघू नका, आपल्या कागदावरचे आकडे त्याला दाखवा.

भावाने कालच फोन केला होता. आरओ परत घेत नाहीत म्हणाले. आता तो आरओ तात्यांच्या वस्तीवर जाणार आहे अन् तात्यांचा यूव्ही, नळी धुऊन, नवा दिवा टाकून, भावाच्या घरी. हप्ते मात्र भावालाच भरायचेत.