फ्रेंच उताऱ्याचा सारांश लिहिताना मूळ कागद पालथा घाला

फ्रेंच शिकणाऱ्या आणि परीक्षेला बसणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. लांब उताऱ्याचा सारांश लिहायला घेतलात की मूळ वाक्यातले शब्द एकेक करून बदलत बसू नका. एका शब्दाच्या जागी त्याचा समानार्थी शब्द, मग पुढच्या शब्दाच्या जागी आणखी एक, असे करत गेलात तर वाक्याची ठेवण मूळ लेखकाचीच राहते. तपासणाऱ्याला ते लगेच दिसते, आणि मजकूर तर मुळीच लहान होत नाही.

उदाहरणासाठी मीच रचलेला एक छोटा फ्रेंच परिच्छेद घेऊ. त्याचा आशय असा: रोज संध्याकाळी सुपरमार्केटे अजून खाण्याजोगा पाव, दही आणि भाज्या फेकून देतात. तरीही तिथून चार गल्ल्या पलीकडे कुटुंबे, विद्यार्थी आणि निवृत्त माणसे मदत संस्थांच्या दारात रांग लावून उभी असतात. म्हणून या नासाडीवर बंदी घालून भागत नाही. हे अन्न पोहोचवायला ट्रक, शीतगृहे आणि विनामूल्य काम करणारी माणसेही लागतात. मूळ फ्रेंचमध्ये हे 55 शब्द आहेत. फ्रान्समध्ये बाकालोरेआच्या तंत्रशाखेतल्या मुलांना ‘काँत्राक्सियाँ द तेक्स्त’ हा प्रश्न असतो. त्यात साधारण 1000 शब्दांचा उतारा एक चतुर्थांश करायचा असतो आणि 10 टक्के कमीजास्त चालते. तोच नियम इथे लावला तर आपल्या हाती साधारण 12 ते 15 शब्द येतात.

आता शब्द बदलत जाणारा विद्यार्थी काय करतो ते पाहा. ‘शाक स्वार’च्या जागी ‘तू ले स्वार’, ‘स्युपेरमार्शे’च्या जागी ‘ग्राँद स्युरफास’, ‘जेत’च्या जागी ‘स देबारास’, ‘आँकोर मांजाब्ल’च्या जागी ‘तूजूर कोमेस्तिब्ल’. मूळ पहिले वाक्य 14 शब्दांचे होते, ते 17 शब्दांचे झाले. शिवाय ‘तूजूर’चा अर्थ ‘अजूनही’ होतो तसा ‘नेहमी’ही होतो, त्यामुळे अर्थही थोडा डळमळला. एवढ्या मेहनतीने मजकूर वाढला, आणि पाव, दही, भाज्या ही यादी होती तशीच उरली.

यावर माझा उपाय साधा आहे. परिच्छेद दोनदा वाचा. पहिल्या वाचनात फक्त जोडशब्दांखाली रेघ मारा. आपल्या परिच्छेदात ‘पूर्ताँ’ म्हणजे ‘तरीही’ आणि ‘दाँक’ म्हणजे ‘म्हणून’ हे दोन शब्द सापडतील, आणि सगळा युक्तिवाद त्यांच्यावरच उभा आहे. दुसऱ्या वाचनानंतर मूळ कागद पालथा घाला आणि आपल्या कागदाच्या समासात आशय मराठीत लिहा: ‘नुसती बंदी पुरत नाही, वाहतूक हवी.’ मराठीत टिपण केले की कानात घुमणारे फ्रेंच शब्द गळून पडतात आणि हाती फक्त अर्थ राहतो. फ्रेंचमध्ये विचार करा असे सांगणारे शिक्षक याला नाक मुरडतील. तरी बीटू पातळीपर्यंतच्या विद्यार्थ्याला मी हेच सांगेन. फक्त ते टिपण पाचसहा शब्दांचेच ठेवा. पूर्ण मराठी वाक्य लिहिलेत तर त्याचे शब्दशः भाषांतर करण्याचा मोह होईल आणि क्रियापदे भलत्या जागी जाऊन पडतील.

आता त्या टिपणावरून फ्रेंच वाक्य बांधू. पाव, दही आणि भाज्या या तिघांना मिळून फ्रेंचमध्ये एक नेमका शब्द आहे: ‘अँव्हाँद्यू’, म्हणजे न विकला गेलेला माल. कुटुंबे, विद्यार्थी आणि निवृत्त माणसे यांच्यासाठी ‘देम्युनी’, म्हणजे गरजू. ट्रक, शीतगृहे आणि माणसे मिळून ‘लोजिस्तिक’. तीन याद्या तीन शब्दांत आल्या. सारांशात खरी जागा वाचते ती इथे.

पुढची पायरी व्याकरणाची. मूळ वाक्यात ‘अँतेर्दीर’, म्हणजे बंदी घालणे, हे क्रियापद आहे. त्याचे नाम करा, ‘अँतेर्दिक्सियाँ’. ‘पुरत नाही, आणखी हेही हवे’ ही दोन टप्प्यांची रचना मोडून ‘न … क’, म्हणजे ‘फक्त तेव्हाच’, या एका रचनेत बसवा. मग वाक्य असे होते: ‘ल’अँतेर्दिक्सियाँ द जते लेझ अँव्हाँद्यू न नूरिरा ले देम्युनी क’आव्हेक युन व्हरे लोजिस्तिक.’ अर्थ असा की न विकलेला माल फेकण्यावरच्या बंदीने गरजूंचे पोट भरेल ते चांगली वाहतूक व्यवस्था असेल तरच. ‘तरीही’ आणि ‘म्हणून’ हे शब्द गेले, पण त्यांनी जोडलेला विचार राहिला. क्रियापदाचे नाम करण्याची ही युक्ती फ्रेंच लेखनाला फार मानवते. पण एका वाक्यात ‘द’ने जोडलेली चार नामे ओळीने आली की ते वाक्य वाचवत नाही. त्यातले एक नाम मोडून परत क्रियापद करा.

काही शब्द मात्र बदलू नका. उताऱ्याचा मूळ विषय सांगणारे शब्द तसेच ठेवायला परवानगी असते आणि ते ठेवावेतच. ‘गास्पियाज’ म्हणजे नासाडी. तिच्याऐवजी ‘पेर्त’ लिहिलेत तर ते नुसते नुकसान होते, आणि त्यात कुणाचा दोष राहत नाही. ‘बेनेव्होल’ म्हणजे मोबदला न घेता काम करणारा. ‘व्होलाँतेर’ त्याच्या जवळचा वाटतो, पण फ्रान्समध्ये तो भत्ता मिळणाऱ्या ठराविक सेवेतल्या माणसालाही म्हणतात. पर्यायाची खात्री नसेल तर लेखकाचाच शब्द ठेवा. एका शब्दाला कोणी नक्कल म्हणत नाही. माझी कसोटी अशी आहे: मूळ मजकुरातले अर्थ असलेले सलग तीन शब्द तुमच्या वाक्यात त्याच क्रमाने आले, तर ते वाक्य पुन्हा लिहा.

लेखकाचा आवाजही सांभाळा. ‘काँत्राक्सियाँ’मध्ये तुम्ही लेखकाच्या जागी बसून लिहिता. तो ‘ज’, म्हणजे ‘मी’ म्हणत असेल तर तुम्हीही ‘ज’ म्हणा, त्याचाच क्रम पाळा, आणि ‘लेखक म्हणतो की’ असे कुठेही येऊ देऊ नका. पुण्या-मुंबईत दाल्फ सीवनला बसणाऱ्यांचे काम वेगळे असते. तिथे ‘सँतेझ’मध्ये एकाहून जास्त मजकूर एकत्र गुंफून 200 ते 240 शब्दांत मांडायचे असतात, मांडणीचा क्रम तुम्ही ठरवता आणि ‘ज’ अजिबात येत नाही. दोन सारांश एकाखाली एक लिहिले तर गुण जातात. स्वतःचे मत दोन्हीकडे वर्ज्य आहे.

शब्द मोजण्याची पद्धतही परीक्षेनुसार बदलते, आणि त्यापायी गुण जातात. बाकालोरेआत ‘ल’अँतेर्दिक्सियाँ’ हे दोन शब्द धरतात आणि ‘क’आव्हेक’ हेही दोन, म्हणून आपले वाक्य 15 शब्दांचे होते. दाल्फमध्ये दोन मोकळ्या जागांमध्ये जे येते तो एक शब्द, म्हणून तेच वाक्य 13 शब्दांचे. कुठली पद्धत लागू आहे ते आधी पाहा, दर 50 शब्दांवर पेन्सिलीने बारीक खूण करत चला आणि शेवटी खरा आकडा लिहा. आकडा जास्त निघाला तर आधी विशेषणे उडवा. आपल्या वाक्यातले ‘व्हरे’ गेले तरी काही बिघडत नाही. त्यानंतर उदाहरणे उडवा. जोडशब्द आणि नकार यांना सगळ्यात शेवटी हात लावा, आणि लावलात तर त्या परिच्छेदाचा मराठीतला आशय पुन्हा लिहून समासातल्या टिपणाशी ताडून पाहा.